राजाबाई गडदे, कायम स्थलांतरित

लाभार्थीचे नाव: श्रीमती राजाबाई बिरा गडदे. वय: अंदाजे. प्रवर्ग: भटक्या जमाती (क). वैवाहिक स्थिती: विधवा. घराचा प्रकार: कच्चे. व्यवसाय: मेंढपाळ. भ्रमणध्वनी क्रमांक: नोंद आहे. शेरा: सदर लाभार्थी गावी वास्तव्यास नसून सोलापूर येथे कायम स्थलांतरित असल्याचे दूरध्वनीद्वारे निष्पन्न झाले. सबब घरकुल यादीतून नाव वगळण्यात यावे.

शासनाच्या कागदावर राजाबाईनं केलेला हा सगळ्यात लांबचा प्रवास. त्यासाठी तिला जागचं हलावंसुद्धा लागलं नाही.

खरं तर हलण्याबद्दल कुणी राजाबाईला काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. जिल्ह्याच्या कोरड्या अंगाच्या त्या गावात लग्न होऊन आली तेव्हापासून ती मेंढरांमागं चालत होती. दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा, म्हणजे माणसाघोड्यांसकट सगळा तांडा, निघायचा आणि अकलूजच्या बाजूच्या पाण्याच्या मुलखात जायचा. तिथं ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, की पुढचं रान. घोड्यावर संसार, त्यावर कोंबड्या आणि कोंबड्यांवर पोरं. नवरा बिरा तसाच एका रानात गेला. माघ महिन्यात गारा पडल्या, अंगावर प्लॅस्टिकचा कागद होता, आत तापानं फणफणलेला माणूस होता. गारा थांबल्या तेव्हा राजाबाईनं कागद उचलला. बाकीचं सांगायला ती कधी बसत नाही.

त्यानंतर दोन वर्षांत तिचे गुडघे गेले. वाड्याबरोबर जाणं बंद झालं. गावापासून लांब माळावर गडद्यांची वस्ती आहे, तिथल्या कुडाच्या छपरात ती राहू लागली. सोबतीला दोन शेळ्या, चार कोंबड्या, आणि पलीकडच्या छपरात पुतणसून सोनम. सोनमची पोरं शाळेत जायची म्हणून ती मागं राहिली होती. राजाबाईची इच्छा एकच उरली होती आणि ती कुणालाही ऐकवायची.

"मला चार भिंती पायजेत. राह्याला न्हवं. मराया."

"काय बोलता वो आत्ती," सोनम म्हणायची.

"का? कागदाखाली मेल्यालं बघितलंय मी. तसं नगं."

म्हणून घरकुलाच्या यादीत तिचं नाव होतं. सर्वे करणाऱ्यांनी छपराचे फोटो काढले होते, आधार बघितलं होतं, आणि विचारलं होतं, मोबाईल नंबर सांगा. राजाबाईनं सांगितला. म्हणजे सोनमच्या हातून चिठ्ठीवर लिहून आणलेला दाखवला. तो नंबर तिचा नव्हता. तो वाड्याचा होता.

हे जरा समजून घ्यायला हवं, कारण सरकारला ते शेवटपर्यंत समजलं नाही. मेंढरांच्या वाड्यात एक कारभारी असतो. कुठल्या रानात बसायचं, कुणाशी बोली करायची, कुत्र्याला कुणी आवरायचं, हे तो ठरवतो. वाड्याचा फोनही त्याच्याकडं. राजाबाईचा दीर धुळा हा कारभारी. वाड्यातल्या सगळ्या माणसांनी आधारला, बँकेला, रेशनला, सर्वेला, जिथं जिथं नंबर मागितला तिथं तिथं धुळाचा दिला. वाड्याला प्रश्न ऐकू आला तो असा: तुमच्याशी बोलायचं तर कुणाला फोन करायचा. आता कारभाऱ्याला सोडून बायकामाणसाला कोण फोन करतो? उत्तर बरोबर होतं. फक्त प्रश्न वेगळा होता.

पुढं एका साली अकलूजकडच्या रानात धुळाच्या फोनला रेंज येईना. तिथल्या बाजारात छत्री लावून बसलेल्या पोरानं त्याला दुसऱ्या कंपनीचं कार्ड दिलं. रेंज आली. जुनं कार्ड धुळानं तंबाखूच्या पिशवीत टाकलं, तिथं ते चुन्यात पडून राहिलं आणि कधीतरी कुठंतरी सांडलं. नवा नंबर ज्यांना पाहिजे त्यांना कळवला गेला: पाहुणे, व्यापारी, दुसरे वाडे. बँकेला आणि सरकारला कळवायचा असतो हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. रिचार्ज नसलेला नंबर काही महिन्यांनी बंद झाला. आणखी काही महिने कंपनीनं तो तसाच ठेवला आणि मग नियमाप्रमाणं नव्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला. मेलेल्या माणसाचं नाव नातवाला ठेवतात, तसंच. फक्त इथं नातं बघत नाहीत.

राजाबाईला याचा पत्ता लागायचं कारण नव्हतं. तिची श्रावणबाळची पेन्शन खात्यात यायची आणि गावातल्या मशीनवर अंगठा ठेवला की निघायची. अंगठा काही रिचार्ज करावा लागत नाही.

मग एके दिवशी शेजारच्या हणमंताच्या छपरापुढं पाया खणायला सुरुवात झाली. राजाबाई काठी टेकत बघायला गेली.

"काय रं, हीर खांदतुयास का काय?"

"घरकुल आलं की काकू." हणमंत कुदळ टाकून उभा राहिला आणि उगीच हात पुसू लागला. "तुमचं नाव माज्या वर हुतं. मी म्हणलं, काकूचं आधी हुईल."

"मग?"

"तुमी सोलापूरला ऱ्हायला गेलाय म्हणत्यात."

राजाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं बघितलं. "कधी?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सोनमला घेऊन ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक जोतीराम भाऊसाहेब त्या गावाला नवे होते. त्यांच्या पदाचं नावही सरकारनं बदलून नवं केलं होतं, ग्रामपंचायत अधिकारी. गाव मात्र भाऊसाहेबच म्हणायचं. त्यांच्याकडं तीन गावांचा चार्ज होता. माणूस वाईट नव्हता. पाणी प्या म्हणाले.

"मावशी, तुम्हाला दोनदा मेसेज गेलाय. घरकुलाच्या नोंदणीला कागदपत्रं आणा म्हणून. दुसऱ्यात तर शेवटची तारीख पण होती."

"मला कुटं आला?"

"नोंदवलेल्या नंबरवर. मी स्वतः फोन पण केला. माणूस म्हणाला, राजाबाई-बिजाबाई इथं कोणी नाही, हे सोलापूर आहे. मग ग्रामसभेत विचारलं, ही बाई कुठं असते? लोक म्हणाले, गडद्यांची वस्ती ना, ती फिरस्तीच माणसं. फोन सोलापुरात लागतोय, इथं कुणी बघितलं नाही. आता मी काय लिहू?"

"बघितलं न्हाय कसं? माळावं तर हाय मी."

"माळावर कोण येतं मावशी?"

माळावर खरंच कुणी येत नव्हतं.

सोनम म्हणाली, "पर भाऊसाहेब, नंबरच बंद झाला तर आमाला कसं कळणार?"

"नंबर बदलला की कळवायचं असतं. आधारला, बँकेला, आम्हाला. ते लाभार्थीचं काम असतं." मग जरा नरमून ते म्हणाले, "गटविकास अधिकाऱ्यांकडं अर्ज करा. मेसेज तुम्हाला मिळाला नाही याचा पुरावा जोडा."

"न मिळाल्याचा पुरावा?" सोनमनं विचारलं.

"होय." भाऊसाहेबांनाही ते वाक्य जरा चमत्कारिक वाटलं असावं, कारण ते ताबडतोब दुसऱ्या माणसाशी बोलू लागले.

बाहेर पिंपळाखाली बसून सोनमनं आपल्या फोनवरून तो जुना नंबर लावला. रिंग गेली. मागं पाऊस पडत असावा तसा खडखडाट ऐकू आला, आणि त्यातून एक माणूस ओरडला, "कोण?"

"दादा, हा नंबर आमचा हुता..."

"घरकुलवाली का तुम्ही?" माणूस एकदम म्हणाला. मग खडखडाटापासून लांब गेला असावा. "अवो, तुमच्यामुळं माझं काय काय झालं म्हाईत आहे का?"

त्याचं नाव विरेश. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या पॉवरलूमवर तो काम करायचा. ते मेसेज आपल्याला दाखव, एका कागदावर लिहून दे, एवढं सोनमनं विनवलं. तो म्हणाला, लिहून-बिहून काही देणार नाही, नंतर केस झाली म्हणजे? पण मेसेज बघायचे असतील तर कारखान्यावर या, दुपारच्या सुट्टीत.

म्हणून राजाबाई आयुष्यात पहिल्यांदा सोलापूरला निघाली. मंगळवेढ्यात गाडी बदलली, खिडकीपाशी बसली, आणि रस्ताभर कुठल्या रानात मेंढरं चांगली बसतील ते मोजत राहिली.

कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर विरेश आला. बारीक माणूस, भुवयांवर सुताचा पांढरा भुरा. मराठी बोलताना मधेच कानडीत जायचा आणि परत यायचा. राजाबाईला बघून त्याचा राग जरा अडखळला. त्याच्या मनातली घरकुलवाली कदाचित अशी म्हातारी नसावी.

"बसा अव्वा." त्यानं बाकडं पुसलं. "हे बघा. हा पहिला."

सोनमनं मोठ्यानं वाचलं. आपले नाव घरकुल यादीत असून नोंदणीसाठी कागदपत्रे सादर करावीत. मेसेजमध्ये नाव नव्हतं, एक लांबलचक क्रमांक होता.

"आता तुम्हीच सांगा," विरेश म्हणाला. "मी पण शहरात घराचा फॉर्म भरलेला. तीन वर्सं झाली, काही नाही. अन् हा मेसेज आला. मला काय वाटणार? माझंच आलं! शिवम्मानं, माझ्या बायकोनं, गल्लीत साखर वाटली हो. मी खाडा करून महापालिकेत गेलो. लाइनीत थांबलो. तो क्लार्क बघतो अन् हसतो. म्हणतो, हे खेड्यातलं आहे, हे तुझं नाही, घर मिळालं असतं तर मेसेज नसता आला, इलेक्शन आलं असतं."

टपरीवाला हसला. राजाबाई हसली नाही.

"अन् दर महिन्याला पैसे जमा, पैसे जमा म्हणून बँकेचा मेसेज. मी पासबुक भरून घेतो, काही नाही. बायको म्हणती, तू कुठं दुसरीकडं खातं काढलंस का? सांगा आता!"

"ती माजी पेन्शन," राजाबाई म्हणाली.

"असंल. मग त्या साहेबांचा फोन आला. राजाबाई आहेत का? माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हणलं, हितं कोणी राजाबाई नाही, हे सोलापूर आहे, परत फोन करू नका." त्यानं राजाबाईकडं बघितलं. "काय चुकीचं बोललो?"

"न्हाय," राजाबाई म्हणाली. "खरं बोललास की."

विरेशनं चहाचा रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवला. मग विचारलं, "त्यानं तुमचं काय झालं?"

सोनमनं सांगितलं. घर गेलं. दुसऱ्याला गेलं. विरेशच्या तोंडून कानडीत काहीतरी बाहेर पडलं, ते सोनमला कळलं नाही आणि राजाबाईला कळलं. मेंढरांमागं कधीमधी मंगळवेढ्याच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेपर्यंत हिंडलेल्या बाईला तेवढी कानडी येते. ती म्हणाली, "बेडा मगा. नगं लेकरा, तू कशाला रडतुयास."

केसची भीती बाजूला ठेवून विरेशनं लिहून दिलं: हा नंबर मी दुकानातून नवा म्हणून घेतला, राजाबाई गडदे यांना मी ओळखत नाही, त्यांचे मेसेज माझ्याकडे आले. खाली सही केली आणि मेसेजचे फोटो सोनमच्या फोनवर पाठवले. आत भोंगा वाजला तसा तो उठला. जाताना म्हणाला, "अव्वा, पुढं काही आलं तर मी सांगतो. पण तुम्ही तुमचा नंबर घालून घ्या. मी पण कधी बंद केला तर?"

हे शहाणपण सरकारी नव्हतं, तरी राजाबाईला पटलं. सोलापुरातच एका दुकानातून तिनं स्वतःच्या नावाचं कार्ड घेतलं आणि बटणांचा एक साधा फोन. मग दोघी आधार केंद्रावर गेल्या. ओटीपी जुन्या नंबरवर जाईल आणि परत विरेशच्या कारखान्यावर जावं लागेल, अशी सोनमला भीती होती. केंद्रावरची पोरगी म्हणाली, "नाही ओ. नंबर बदलायला जुना नंबर लागत नाही, कागद लागत नाही. माणूस स्वतः लागतं, तेवढंच. नंबर कुठला टाकू?"

"माजाच टाका," सोनम पटकन म्हणाली. "आत्तींना वाचता येत न्हाय, मेसेज आला तर मी तरी..."

"गप," राजाबाई म्हणाली. "परत दुसऱ्याचा व्हय?"

तिची बोटं मशीनवर उमटेनात. दोऱ्या वळून, लोकर कातरून, काटेरी कुंपणं ओढून त्या बोटांवर सरकारला वाचता येईल असं फार काही उरलं नव्हतं. गावातला अंगठा कसाबसा चालायचा, इथं तोही रुसला. मग डोळ्यांचं मशीन लावलं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्यानं काम भागवलं. फी भरली, पावती मिळाली. पोरगी म्हणाली, काही दिवसांत मेसेज येईल. आणि हेही सांगितलं की इथं बदलला म्हणून बँकेत बदलत नाही, बँकेत वेगळा अर्ज द्या, ग्रामपंचायतीत वेगळा. सरकारच्या घरी एका दारातून आत गेलं की बाकीची दारं आपोआप उघडत नाहीत. प्रत्येक दाराला आपापली कडी असते.

पुढच्या आठवड्यात राजाबाईनं बँकेत फॉर्म दिला. भाऊसाहेबांकडं नंबर नोंदवला. तालुक्याला जाऊन अर्ज दिला, सोबत विरेशचा कागद आणि फोटोंच्या प्रती. आवकच्या टेबलावर शिक्का मारणाऱ्या माणसानं वाचून मान हलवली आणि म्हणाला, "पहिल्यांदाच असा पुरावा बघतोय मावशी." हे त्यानं कौतुकानं म्हटलं.

नवा फोन तिनं पोलक्यात ठेवला. आधारचा मेसेज आला, सोनमनं वाचून दाखवला. बँकेचा आला. रिचार्ज संपला की फोन कुरकुरायचा, मग राजाबाई अंडी विकून तो भरायची. नंबर उपाशी ठेवला की मरतो, हे तिला आता कळलं होतं. एक दिवस धुळा वाड्यावरून सणाला घरी आला. तिनं त्याच्यापुढं फोन धरला.

"भावजी, हे बगा. आता माजं मी."

धुळा ओशाळून म्हणाला, "मला काय म्हाईत वैनी. कार्ड बदललं म्हणजी काय, माणूस तर त्येच हुतं की."

"माणूस त्येच हुतं," राजाबाई म्हणाली. "त्यास्नी माणूस नगं हुतं."

पलीकडं हणमंताच्या भिंती वर आल्या. तो रोज सकाळी त्यांवर पाणी मारायचा आणि राजाबाईच्या छपराकडं बघायचं टाळायचा. एकदा ती स्वतःच गेली, भिंतीवर तळवा ठेवला, सिमेंट अजून ओलं होतं. हणमंताची बायको म्हणाली, "काकू, आमचं झालं की तुमी आमच्याकडंच..." राजाबाईनं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुमचं तुमी ऱ्हावा सुकानं," म्हणाली, आणि काठी टेकत परतली.

तो पावसाळा तिला वाईट गेला. छपराची एक बाजू बसली. सोनमनं वर प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि दगड ठेवले. राजाबाईनं तो दोनदा काढायला लावला. तिसऱ्यांदा पाऊस आत आला तेव्हा तो तसाच राहू दिला. खोकला लागला तो गेला नाही. विरेशचा एकदा फोन आला, शिवम्माला बोलायचं होतं. दोघी कानडीत बराच वेळ बोलल्या, कशाबद्दल ते सोनमला कळलं नाही. घराबद्दल नव्हतं, एवढं राजाबाईनं सांगितलं.

दिवाळीच्या आधी तालुक्याचं उत्तर आलं. मेसेज नव्हता, छापील पत्र होतं. सोनमनं ते छपरात, राजाबाईच्या अंथरुणाशी बसून वाचलं.

विषय: घरकुल यादीतून नाव वगळल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपल्या अर्जाचे अवलोकन करण्यात आले. आपला अद्ययावत भ्रमणध्वनी क्रमांक नोंदीस घेण्यात आला आहे. तथापि ग्रामसभेच्या ठरावानुसार आपण नमूद पत्त्यावर वास्तव्यास नसल्याचे निश्चित झालेले असून सदर उद्दिष्ट पूर्ण झाल्याने आपल्या नावाचा फेरविचार करता येत नाही. पुढील सर्वेक्षण जाहीर झाल्यास आपण पात्रतेनुसार अर्ज करू शकता. तोपर्यंत आपला क्रमांक कार्यरत ठेवावा.

पाकिटावर नाव होतं, राजाबाई बिरा गडदे, गडदे वस्ती, आणि खाली गावाचं नाव. पोस्टमननं ते पहिल्याच फेरीत, विचारपूस न करता, तिच्या हातात आणून दिलं होतं.